मराठी कॅप्शन २८० मध्ये बसवताना: नाशिकमधून नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी

कॉलेज रोडवरच्या एका छोट्या एजन्सीत मी सोशल मीडियाचं काम करते. आमचे बरेचसे ग्राहक निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागातले: शेतकरी उत्पादक कंपन्या, रोपवाटिका, औषधांची दुकानं, अधूनमधून एखादी शिक्षणसंस्था. त्यांच्याकडून मजकूर येतो तो पत्रिकेच्या मराठीत. तो एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) २८० कॅरॅक्टरमध्ये बसवायचा, त्यातली लिंक जिवंत ठेवायची आणि मुख्य निरोप हरवू द्यायचा नाही, हे काम नव्या मुलामुलींकडे पहिल्याच आठवड्यात येतं. अजूनही असा मजकूर समोर आला की माझ्या पोटात थोडं धस्स होतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. पोस्ट कशी टाकायची, हॅशटॅग म्हणजे काय, हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

आधी मोजणी. मला या कामात सगळ्यात जास्त अडवलं ते हिनेच, आणि हे कुणी नीट समजावूनही सांगत नाही. त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

आपण मराठीत जे एक अक्षर म्हणून वाचतो ते एक्ससाठी एक नसतं. व्यंजन वेगळं मोजलं जातं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा. जोडाक्षरात मधला हलन्त, जो आपल्याला दिसतही नाही, तोसुद्धा एक. ‘नाशिक’ डोळ्यांना तीन अक्षरं, मोजणीत पाच: न, काना, श, वेलांटी, क. ‘त्र्यंबकेश्वर’ वाचताना पाच अक्षरं, पण मोजणीत तेरा. मोजून बघा: त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क, मात्रा, श, हलन्त, व, र. ‘मार्गदर्शन’ दिसायला पाच, मोजायला दहा. ‘व्यवस्थापनाविषयी’ आठ आणि सोळा. म्हणजे जोडाक्षरांनी भरलेला शब्द दिसतो त्याच्या दुप्पट जागा खातो, आणि सरकारी वळणाचे शब्द नेमके असेच असतात. कागदावर बोटं मोजून ‘दोनशे अक्षरं झाली, बसेल’ असा अंदाज बांधलात तर पोस्ट करायच्या वेळी आकडा उणे जातो. बाहेर ग्राहक थांबलेला असताना तो लाल आकडा बघणं फार वाईट.

खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे बॅकस्पेस. ‘श्व’ लिहा आणि मागून पुसा. बहुतेक कीबोर्डवर तीनदा दाबावं लागतं. जितक्या वेळा दाबलं, तितके कॅरॅक्टर.

उलट बाजूची एक अफवाही ऐकाल. कुणीतरी ठामपणे सांगेल की मराठी दुप्पट मोजतात, आपल्याला १४० च मिळतात. हे खरं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मर्यादा १४० वरून २८० झाली तेव्हा चिनी, जपानी आणि कोरियन लिपींचं प्रत्येक चिन्ह दोन धरलं गेलं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एकच धरतात, पूर्ण २८० आपले आहेत. दोन मोजली जाणारी थोडी चिन्हं आपल्याही मजकुरात येतात: कुठलाही इमोजी, रुपयाचं ₹ हे चिन्ह, यादीतला • ठिपका, आणि एकत्र जोडलेलं … हे टिंबत्रय. ₹ दोन असला तरी ‘रु.’ लिहिलं तर तीन जातात, त्यामुळे तो खुशाल वापरा. इमोजींचं मात्र मला पटत नाही. चार इमोजी म्हणजे आठ कॅरॅक्टर, तेवढ्यात ‘पिंपळगाव’ बसतं.

रोज मोजायला मी गूगल शीट वापरते. ए कॉलममध्ये लिंकशिवायचा मजकूर, शेजारी हे सूत्र:

```
=LEN(A2)+24
```

चोवीस कशाचे? एक्सवर लिंक कितीही लांब असो, ती २३ च मोजली जाते, कारण ती आतून त्यांच्या `t.co` पत्त्यात बदलली जाते. त्याआधीची मोकळी जागा एक. एकूण २४. शीट ₹ आणि … यांना एकच धरते, तेवढा फरक डोक्यात ठेवा.

लिंक २३ च धरली जाते याचा अर्थ असा की एक्ससाठी लिंक छोटी करून देणाऱ्या सेवा वापरून एकही कॅरॅक्टर वाचत नाही. तरी लोक सवयीने वापरतात. माझं मत स्पष्ट आहे: नका वापरू. लासलगावच्या शेतकऱ्याला ओळखीच्या संस्थेचं नाव पत्त्यात दिसलं तर तो उघडतो. अनोळखी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली तर उघडत नाही, आणि ते बरोबरच करतो.

आता एक प्रत्यक्ष मजकूर घेऊ. शिबिर, तारीख आणि ठिकाण उदाहरणापुरतं आहे, पण वळण अगदी रोजचं:

‘सर्व द्राक्ष बागायतदार बंधू आणि भगिनींना कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, दरवर्षीप्रमाणे याही वर्षी आपल्या संस्थेच्या वतीने गोडी छाटणीनंतरच्या पहिल्या ४५ दिवसांतील डाउनी रोगाच्या व्यवस्थापनाविषयी मोफत मार्गदर्शन शिबिराचे आयोजन रविवार दि. १३ सप्टेंबर रोजी सकाळी ठीक १० वाजता पिंपळगाव बसवंत येथे करण्यात आले आहे. जागा मर्यादित असल्यामुळे नावनोंदणी करणे अत्यावश्यक आहे. तरी सर्वांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहून शिबिराचा लाभ घ्यावा, ही नम्र विनंती. नावनोंदणीसाठी खालील लिंकवर क्लिक करावे:’

मजकूर ४८७, लिंकसह ५११. म्हणजे २३१ जास्त. घाबरू नका, यातलं निम्म्याहून जास्त नुसतं सौजन्य आहे.

नवा माणूस इथे पहिली गोष्ट करतो ती म्हणजे कापाकापी. करून बघू. ‘सर्व द्राक्ष बागायतदार’ पासून ‘आहे की,’ पर्यंतचा तुकडा ७४ चा, गेला. ‘दरवर्षीप्रमाणे’ पासून ‘वतीने’ पर्यंत ४९, गेला. ‘तरी सर्वांनी’ पासून ‘विनंती’ पर्यंत ७९, तोही गेला. शेवटचं ‘नावनोंदणीसाठी खालील लिंकवर क्लिक करावे:’ हे ३९ चं वाक्य ‘नावनोंदणी:’ एवढं दहाचं केलं. उरलं ते असं:

‘गोडी छाटणीनंतरच्या पहिल्या ४५ दिवसांतील डाउनी रोगाच्या व्यवस्थापनाविषयी मोफत मार्गदर्शन शिबिराचे आयोजन रविवार दि. १३ सप्टेंबर रोजी सकाळी ठीक १० वाजता पिंपळगाव बसवंत येथे करण्यात आले आहे. जागा मर्यादित असल्यामुळे नावनोंदणी करणे अत्यावश्यक आहे. नावनोंदणी:’

लिंकसह २७७. बसलं! आणि इथेच बहुतेक जण थांबतात. थांबू नका. व्याकरण ठीक आहे, माहितीही सगळी आहे, पण वाचणाऱ्याला तारखेपर्यंत पोचायला बारा शब्दांचा डोंगर चढावा लागतो. शिवाय ‘द्राक्ष’ हा शब्द पूर्ण मजकुरातून नाहीसा झाला. गोडी छाटणी म्हटलं की नाशिकच्या माणसाला द्राक्ष कळतं हे खरं, पण पुण्याहून वडिलांना ही पोस्ट पाठवणाऱ्या मुलाला कळेलच असं नाही. आणि तीनच कॅरॅक्टर शिल्लक. ग्राहकाने ऐन वेळी ‘चहा-नाश्ता आहे हेही टाका’ म्हटलं की सगळं पुन्हा.

म्हणून कापायच्या आधी मजकूर बाजूला ठेवा आणि वेगळ्या कागदावर एकच गोष्ट लिहा: हे वाचून माणसाने काय करायचं? इथे उत्तर आहे, लिंक उघडून नाव नोंदवायचं. मग त्याला हे करावंसं का वाटेल? डाउनीने बाग जाते म्हणून. मग कधी, कुठे, पैसे लागतात का. एवढं आलं की मूळ मजकुराकडे न बघता, बांधावर उभं राहून शेजाऱ्याला सांगावं तसं लिहायचं:

‘गोडी छाटणीनंतरचे पहिले ४५ दिवस डाउनीपासून बाग कशी वाचवायची? द्राक्ष बागायतदारांसाठी मोफत शिबिर: रविवार, १३ सप्टेंबर, सकाळी १०, पिंपळगाव बसवंत. जागा मोजक्या, आधी नाव नोंदवा:’

लिंकसह १९६. द्राक्ष परत आलं, काळजीचा विषय पहिल्याच वाक्यात आला आणि ८४ कॅरॅक्टर हातात राहिले. चहा-नाश्ता बसेल, सभागृहाचं नावही बसेल.

हे कसं झालं ते नीट बघा, कारण यात शब्द कमी करण्यापेक्षा शब्द बदलण्याचा वाटा मोठा आहे. ‘शिबिराचे आयोजन करण्यात आले आहे’ याच्या जागी नुसतं ‘शिबिर’. मराठीत क्रियापद गाळलं तरी सूचनेचं वाक्य उभं राहतं, दुकानाच्या पाट्या वाचा. ‘व्यवस्थापनाविषयी’ चे सोळा गेले आणि ‘वाचवायची’ आलं, जे शेतकरी स्वतः बोलतो. ‘उपस्थित राहावे’ चौदाचं आहे, ‘या’ दोनचं. ‘मर्यादित’ आठ, ‘मोजक्या’ सात. इथे फारसं वाचलं नाही, पण ‘असल्यामुळे … करणे अत्यावश्यक आहे’ ही सगळी साखळी ‘आधी नाव नोंदवा’ मध्ये मावली.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. जागेसाठी अनुस्वार गाळणं, वेलांटी सोडणं, ‘सप्टेंबर’ चं ‘सप्टे’ करून पुढे टिंबही न देणं. दोन-तीन कॅरॅक्टरसाठी संस्थेचं नाव खराब होतं आणि खाली प्रतिक्रियांमध्ये शुद्धलेखनाचीच चर्चा रंगते, शिबिर राहतं बाजूला. १९६ वर पोचलेल्याला याची गरजही पडत नाही.

ग्राहक आणखी एका मुद्द्यावर अडतो: अध्यक्षांचं नाव, प्रमुख पाहुण्यांचं नाव, ‘मा.’ आणि ‘श्री.’ सकट. वाद घालू नका, त्यांच्यासाठी ते खरंच महत्त्वाचं असतं. ती नावं पोस्टरवर मोठ्या अक्षरात घ्या. एक्सवर चित्राच्या वर्णनासाठी १००० कॅरॅक्टरची वेगळी जागा असते, तिथे पूर्ण नावं आणि कार्यक्रमाची रूपरेषा लिहा. दृष्टिहीन वाचकालाही ती ऐकू येते. मी हे सांगितल्यावर नाही म्हणालेला ग्राहक अजून भेटलेला नाही.

आता लिंक. इथे मी कठोरच बोलणार आहे. कॅप्शन कितीही सुंदर झाली आणि लिंक चालली नाही, तर तुम्ही काहीच केलेलं नाही.

लिंक तुटते ती ठरावीक तऱ्हांनी. पहिली, आपल्या विभक्तीमुळे. इंग्रजीत पत्त्यानंतर मोकळी जागा येते, पण आपण बोलताना ‘लिंकवर’ म्हणतो आणि हात आपोआप पत्त्याला ‘वर’ चिकटवतो. मग ते ‘वर’ पत्त्याचाच भाग समजलं जाण्याचा धोका असतो आणि उघडणाऱ्याला पान सापडत नाही. लिंक नेहमी शेवटी, शक्यतो वेगळ्या ओळीवर, मागेपुढे काहीही न चिकटवता. ओळ बदलण्याचा एकच कॅरॅक्टर लागतो.

दुसरी तऱ्हा, ‘?’ नंतरचा भाग कापणं. कुणीतरी सांगतं की प्रश्नचिन्हानंतरचं सगळं फालतू असतं. `utm_source` सारखे तुकडे फक्त वाचक कुठून आला हे मोजण्यासाठी असतात, ते गेले तरी पान उघडतं. पण `?id=` सारख्या तुकड्यातच कोणतं पान दाखवायचं ते लिहिलेलं असतं. तो कापला की वाचक भलत्याच पानावर जातो. एक्सवर तर काहीच कापायची गरज नाही, २३ म्हणजे २३.

तिसरी तऱ्हा फॉर्मची. गूगल फॉर्म बनवणाऱ्याने ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करून दिला, तर त्याच्या शेवटी `/edit` असतं. तो बनवणाऱ्याचा पत्ता आहे. शेतकऱ्याने उघडला तर परवानगी मागणारं पान दिसतं. फॉर्ममधून पाठवण्यासाठी मिळणारी, `https://forms.gle/` ने सुरू होणारी लिंक घ्या. तिच्यात लहान-मोठी अक्षरं जशी आहेत तशीच लागतात, त्यामुळे ती हाताने टाइप करू नका. आणि ग्राहकाने पाठवलेली प्रत्येक लिंक स्वतःच्या लॉगिनमध्ये तपासून समाधान मानू नका. खासगी विंडोत, लॉगिन नसताना उघडा. तिथे फॉर्म दिसला तरच ती लिंक खरी.

हाच मजकूर एसएमएसने पाठवायचा असेल तर हिशेब पूर्ण बदलतो. पिंपळगाव पट्ट्यात एसएमएस अजून वाचला जातो, म्हणून हे काम येणारच. इंग्रजी एसएमएस १६० कॅरॅक्टरचा असतो. त्यात देवनागरीचं एक अक्षर जरी आलं तरी पूर्ण निरोपाची मर्यादा ७० वर येते. निरोप जोडून पाठवला तर प्रत्येक भागाला ६७. आणि इथे लिंकला कसलीही सवलत नाही, ती जेवढी लांब तेवढी मोजली जाते. `forms.gle` ची लिंक साधारण ३५ ची. संस्थेच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात मराठी शब्द असतील तर विचारूच नका: कॉपी करताना प्रत्येक चिन्हाचे नऊ कॅरॅक्टर होतात. ‘न’ चं `%E0%A4%A8` होतं. एकट्या ‘नाशिक’ चे ४५.

एकाच भागात बसवायचा हट्ट धरला तर लिंक आणि तिच्या आधीची जागा सोडून ३४ उरतात. त्यात तारीख, ठिकाण आणि विषय घालायला गेलं की मजकूर कोड्यासारखा होतो. मी सरळ दोन भागांचे पैसे सांगते. दोन भागांत १३४ मिळतात:

‘गोडी छाटणीनंतर डाउनी: मोफत शिबिर. रवि. १३ सप्टेंबर, स. १०, पिंपळगाव बसवंत. नाव नोंदवा:’

हे ८६, लिंकसह १२२. लक्षात घ्या, इथे ‘द्राक्ष बागायतदारांसाठी’ मी मुद्दाम काढलं, कारण एसएमएस सभासदांच्या यादीलाच जातो. तिथे वाचणारा कोण आहे हे आधीच ठरलेलं असतं. बल्क एसएमएस असेल तर मजकुराचा साचा डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी प्रणालीवर, मंजूर लागतो आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यातली लिंकही आधी नोंदवलेली लागते. म्हणून लिंक आदल्या रात्री बदलण्याचा विचार सोडा.

इन्स्टाग्रामवर २२०० कॅरॅक्टर मिळतात, पण कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. तिथे लिंक बायोमध्ये किंवा स्टोरीच्या स्टिकरमध्ये. एवढंच.

आता जवळच्या वाटांबद्दल. तुम्हाला तीन सल्ले हमखास मिळतील. ‘थ्रेड कर, लिंक दुसऱ्या पोस्टमध्ये टाक.’ ‘लिंक खाली प्रतिक्रियेत टाक.’ ‘पैसे भरून मोठी मर्यादा घे.’ पहिल्या दोन्हींत लिंक निरोपापासून वेगळी होते. पोस्टचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, नाव नोंदवायचा पत्ता मागे राहतो आणि ग्राहकाला फोन सुरू होतात. पैसे भरलेल्या खात्याला लांब पोस्ट लिहिता येते, पण वाचकाला सुरुवातीचा भागच दिसतो, पुढचं उघडावं लागतं. लिंक शेवटी असेल तर ती नेमकी त्या पडद्यामागे जाते. अनुभवी माणसांनी सांगितलं तरी हे सल्ले मी घेत नाही.

शिकायचंच असेल तर वृत्तपत्राच्या छोट्या जाहिराती घेणाऱ्या काउंटरवर थोडा वेळ बसा. शालिमारजवळ अशा एका काकांकडे मी बसायचे. लोक स्थळाची, घराची, हरवलेल्या कागदपत्रांची जाहिरात घेऊन यायचे आणि शब्दाप्रमाणे पैसे म्हटल्यावर चेहरा पडायचा. काका पहिलं वाक्य न वाचता शेवटचा फोन नंबर आधी फॉर्मवर उतरवून घ्यायचे. मग विचारायचे, ‘फोन करणाऱ्याला काय पाहिजे?’ बाकीची जाहिरात त्या उत्तरातून लिहायची. कुठल्याही ऑनलाइन कोर्सपेक्षा मला याचा उपयोग जास्त झाला, आणि मी अजूनही कॅप्शन लिहिताना लिंक सगळ्यात आधी चिकटवते, मग तिच्या वर मजकूर लिहिते. त्यामुळे घाईत मजकुराचा शेवट कापला गेला तरी लिंक जात नाही.

पोस्ट करण्याआधी तयार मजकूर त्या विषयाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी दाखवा. ऑफिसमधल्या हिशेबनीस ताईंना दाखवलात तरी चालेल. एकदा वाचून फोन परत घ्या आणि विचारा: कधी आहे, कुठे आहे, काय करायचं आहे? तीनपैकी एकाला जरी ‘थांबा, परत बघते’ असं उत्तर आलं, तर कॅरॅक्टर कितीही कमी भरलेले असोत, वाक्याचा क्रम चुकलाय. बहुतेक वेळा तारीख आणि ठिकाण यांच्यामध्ये काहीतरी घुसलेलं असतं. ते उचलून शेवटी नेलं की काम होतं.

हे सगळं पोस्ट करण्याआधीच करा, कारण साध्या खात्यावर पोस्ट टाकल्यानंतर दुरुस्त करता येत नाही. चुकीची लिंक गेली तर पोस्ट काढून नवी टाकावी लागते आणि तोपर्यंत जुनी कुणी पुढे पाठवली असेल तर तिथून येणारा माणूस तुटलेल्या पानावरच थांबतो. फॉर्म भरला, जागा संपल्या, तरी तो बंद करताना तिथला निरोप बदलून घ्या: ‘जागा भरल्या, पुढच्या शिबिरासाठी या नंबरवर कळवा’. कॅप्शनमध्ये बदल करता आला नाही तरी लिंकच्या पलीकडचं पान शेवटपर्यंत आपल्या हातात असतं.